नागपूरच्या आयसीडीवर आयात माल कसा सोडवायचा : बिल ऑफ लेडिंगपासून गेट पासपर्यंत

हिंगण्याच्या किंवा बुटीबोरीच्या कारखान्यासाठी परदेशातून मशीन मागवायचे ठरले की पहिला प्रश्न येतो तो माल कुठे सोडवायचा याचा. समुद्रमार्गे येणारा माल बहुतेक वेळा न्हावा शेवा बंदरावर उतरतो. तिथेच सीमाशुल्क भरून तो ट्रकने नागपूरला आणता येतो. दुसरा मार्ग म्हणजे कंटेनर सीलबंद अवस्थेत रेल्वेने नागपूरच्या इनलँड कंटेनर डेपोवर, म्हणजे आयसीडीवर, आणायचा आणि कस्टम्सची प्रक्रिया इथेच पूर्ण करायची. ही माहिती दुसऱ्या मार्गाची आहे. माल तपासला जात असताना स्वतः हजर राहायचे असेल, तर नागपूरकराला हाच मार्ग सोयीचा.

उदाहरण घेऊ. हिंगणा एमआयडीसीतल्या एका फरसाण उत्पादकाने चीनमधून पाउच पॅकिंग मशीन मागवले आहे. एक कंटेनर, नवे मशीन, सोबत सुट्या भागांची एक पेटी.

आयात करण्याआधी काय हवे

आयातदाराकडे आयईसी, म्हणजे आयातक-निर्यातक कोड, असावा लागतो. तो विदेश व्यापार महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीएफटीच्या, संकेतस्थळावर ऑनलाइन मिळतो, शुल्क ५०० रुपये. व्यवसायाचा पॅन क्रमांकच आयईसी क्रमांक म्हणून वापरला जातो. एकदा काढला की संपले, असे मात्र नाही. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातली माहिती अद्ययावत करावी लागते, बदल काही नसला तरीही. हे राहिले तर कोड निष्क्रिय होतो आणि ते नेमके माल वाटेत असताना कळते. याशिवाय जीएसटी नोंदणी आणि कस्टम्सच्या आईसगेट पोर्टलवर (icegate.gov.in) नोंदणी हवी.

कागदपत्रे आयातदार स्वतः दाखल करू शकतो. पण पहिल्यांदा आयात करणाऱ्याने परवानाधारक कस्टम्स ब्रोकर नेमावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ब्रोकरला अधिकारपत्र आणि केवायसीचे कागद द्यावे लागतात. ब्रोकरने चुकीची माहिती भरली तरी घोषणा आयातदाराच्याच नावाने असते, म्हणून ही घोषणा, म्हणजे बिल ऑफ एंट्री, दाखल होण्याआधी तिचा मसुदा स्वतः वाचावा.

मशीनला बीआयएस प्रमाणपत्राची किंवा अन्य परवान्याची अट लागू आहे का, हे ऑर्डर देण्याआधी पाहायचे असते. माल बंदरात आल्यावर हा शोध घेण्यात अर्थ उरत नाही.

सगळ्यात महत्त्वाचा कागद : बिल ऑफ लेडिंग

बिल ऑफ लेडिंग म्हणजे माल जहाजाने पाठवण्यासाठी ताब्यात घेतल्याचा जहाज कंपनीचा कागद. नागपूरच्या आयातीत गोंधळ होतो तो बहुधा इथेच. बिल ऑफ लेडिंगवर दोन वेगळे रकाने असतात : माल जहाजातून उतरण्याचे बंदर आणि अंतिम पोहोच ठिकाण. पहिल्यात न्हावा शेवा येईल, दुसऱ्यात नागपूरचा आयसीडी आलाच पाहिजे. पुरवठादार अनेकदा दोन्हीकडे न्हावा शेवा लिहून मोकळा होतो, कारण त्याच्या दृष्टीने माल तिथे पोहोचला की काम झाले.

हा रकाना इतका महत्त्वाचा का? जहाज कंपनी कस्टम्सला मालाची यादी देते, तिला आयजीएम म्हणतात. बिल ऑफ लेडिंगवर जे ठिकाण असेल तेच आयजीएममध्ये जाते. तिथे अंतिम ठिकाण नागपूर असेल, तरच कंटेनर न्हावा शेव्यावर न सोडवता बॉण्डखाली, म्हणजे शुल्क न भरता हमीपत्रावर, पुढे पाठवण्याची परवानगी निघते. त्या परवानगीला या धंद्यात एसएमटीपी म्हणतात. नागपूर लिहिलेले नसेल तर कंटेनर बंदरावरच थांबतो. मग जहाज कंपनीला अर्ज करून आयजीएममध्ये दुरुस्ती करून घ्यावी लागते आणि तोवर बंदराचे भाडे चढत राहते.

नुसते 'नागपूर' लिहूनही भागत नाही. अजनीच्या आयसीडीची ओळख जुनी, पण पुढे मिहान आणि बोरखेडीकडेही रेल्वेने कंटेनर आणण्याची सोय झाली. प्रत्येक कस्टम्स ठिकाणाला सहा अक्षरी कोड असतो, जसा न्हावा शेव्याचा `INNSA1`. आपला कंटेनर कोणत्या टर्मिनलला येणार आणि त्याचा कोड कोणता, हे जहाज कंपनीच्या नागपूर कार्यालयाकडून किंवा एजंटकडून लेखी घ्यावे. पुरवठादाराकडून बिल ऑफ लेडिंगचा मसुदा मागवून तो कोड आणि आपल्या कंपनीचे नाव-पत्ता जुळवावा. मूळ बिल छापले गेल्यावर दुरुस्ती महागात पडते.

बाकीचे कागद

व्यापारी बीजक, पॅकिंग लिस्ट, विम्याचा कागद, खरेदी ऑर्डर किंवा करार, मशीनचा कॅटलॉग आणि पैसे दिल्याचा पुरावा, एवढे तयार ठेवावे. एखाद्या व्यापार करारानुसार शुल्कात सवलत घ्यायची असेल तर मूळ देशाचे प्रमाणपत्रही लागते. माल खरोखर त्या देशात बनला याची माहिती आयातदाराकडेही असावी लागते, नुसते प्रमाणपत्र पुरत नाही. जुने, वापरलेले मशीन असेल तर चार्टर्ड इंजिनिअरच्या प्रमाणपत्राचा विषय येतो आणि प्रकरण बरेच वेगळे होते.

बीजकावर 'पॅकिंग मशीन १ नग, सुटे भाग १ संच' एवढेच लिहून येऊ देऊ नका. त्या संचात काय आहे हे अधिकारी विचारणारच. सील करणाऱ्या जॉ किती, बेल्ट किती, सेन्सर किती आणि प्रत्येकाची किंमत काय, हे वेगळे लिहून घ्यावे, कारण सुट्या भागांचे वर्गीकरण आणि शुल्क मशीनपेक्षा वेगळे असू शकते. मॉडेल आणि अनुक्रमांक मशीनच्या पाटीवर असतो तसाच बीजकावर हवा.

हे कागद ई-संचित या सोयीतून अपलोड होतात. प्रत्येक कागदाला एक संदर्भ क्रमांक मिळतो आणि तो बिल ऑफ एंट्रीला जोडला जातो.

बिल ऑफ एंट्री आणि तिची मुदत

बिल ऑफ एंट्री म्हणजे आयातदाराची घोषणा : माल काय, कोणत्या वर्गातला, किंमत किती, शुल्क किती. ती नागपूरच्या आयसीडीच्या कोडवर दाखल होते आणि तिच्यात न्हावा शेव्याच्या आयजीएमचाही उल्लेख लागतो.

सीमाशुल्क कायद्याच्या कलम ४६ नुसार, माल जिथे सोडवायचा त्या ठिकाणी वाहन पोहोचण्याच्या आदल्या दिवसाच्या आत ती दाखल व्हायला हवी, आणि यात सुटीचे दिवसही धरले जातात. काही ठिकाणांना आणि काही देशांकडून येणाऱ्या मालाला यात थोडी सूट आहे. अपेक्षित आगमनाच्या ३० दिवस आधीपर्यंत दाखल करता येते, म्हणून गाडीची वाट पाहत बसू नये. उशीर झाला आणि त्याला सबळ कारण नसेल, तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि त्यानंतर रोज १०,००० रुपये आकार लागतो. पाच दिवसांचा उशीर म्हणजे ३५,००० रुपये.

शुल्काचा हिशेब

समजा आपल्या मशीनचे करपात्र मूल्य, म्हणजे किंमत अधिक समुद्री भाडे अधिक विमा, कस्टम्सच्या विनिमय दराने २०,००,००० रुपये झाले. मूळ सीमाशुल्क ७.५ टक्के आणि आयजीएसटी १८ टक्के धरू. आपल्या मालाचा खरा दर त्याच्या वर्गीकरणावरून पाहावा.

मूळ सीमाशुल्क १,५०,००० रुपये. त्याच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार, १५,०००. आता आयजीएसटी या सगळ्यांच्या बेरजेवर, म्हणजे २१,६५,००० वर लागतो : ३,८९,७०० रुपये. एकूण भरणा ५,५४,७०० रुपये. यातल्या आयजीएसटीचे इनपुट क्रेडिट पात्र व्यवसायाला मिळते. १,६५,००० मात्र मशीनच्या खर्चात जातात.

आयसीडीवाल्यांनी लक्षात ठेवायची एक गोष्ट. मूल्यांकन नियमांप्रमाणे न्हावा शेव्यापासून नागपूरपर्यंतच्या बॉण्डखालील वाहतुकीचा खर्च करपात्र मूल्यात धरायचा नसतो. पण जहाज कंपनीने नागपूरपर्यंतचे भाडे एकाच आकड्यात लावले, तर त्यातला रेल्वेचा वाटा किती हे दाखवायला आपल्याकडे काहीच राहत नाही. हा वाटा ६०,००० रुपये असेल आणि तो मूल्यात मिसळला गेला, तर १६,६४१ रुपये जास्त भरावे लागतील. त्यातले ४,९५० परत मिळणारच नाहीत. म्हणून भाड्याचे समुद्री आणि देशांतर्गत असे दोन वेगळे आकडे कागदावर घ्यावेत.

तपासणी ते सुटका

बिल दाखल झाले की संगणकीय जोखीम प्रणाली ठरवते की घोषणा तशीच स्वीकारायची, कागद तपासायचे की माल उघडून पाहायचा. कागदी मूल्यांकन आता फेसलेस असते. आपली फाइल दुसऱ्या शहरातला अधिकारी पाहत असतो, त्यामुळे नागपूरच्या कार्यालयात जाऊन साहेबांना समजावून सांगू, हा पर्याय उरलेला नाही. शंका पोर्टलवर येते आणि उत्तरही तिथेच द्यावे लागते. 'कॅटलॉग जोडला आहे' असे एका ओळीचे उत्तर दिले की दुसरी शंका येते. मशीन पाउच भरते, सील करते की नुसते गुंडाळते, हे दोन वाक्यांत लिहून कॅटलॉगचे पान नमूद केले तर प्रकरण लवकर पुढे सरकते.

शुल्क आईसगेटवरून ऑनलाइन भरायचे. घोषणा आहे तशी स्वीकारली गेली तर बिल दाखल केल्याच्याच दिवशी आणि मूल्यांकनानंतर बिल परत आले तर सुटी वगळून एका दिवसात. त्यानंतर वार्षिक १५ टक्के दराने व्याज लागते.

कंटेनर आयसीडीत आल्यावर सीलचा क्रमांक जुळवला जातो. तपासणी लागली असेल तर ती इथेच होते : पेट्या पॅकिंग लिस्टप्रमाणे आहेत का, पाटीवरचा अनुक्रमांक बीजकाशी जुळतो का. त्या वेळी मशीनची माहिती असलेला आपला माणूस उभा असावा. सगळे ठीक असेल तर 'आउट ऑफ चार्ज' मिळतो, म्हणजे कस्टम्सच्या बाजूने माल मोकळा.

तरी गाडी लगेच निघत नाही. जहाज कंपनीचे पैसे चुकवून डिलिव्हरी ऑर्डर घ्यावी लागते, टर्मिनलचे आकार भरावे लागतात आणि मग गेट पास निघतो. इथे दोन वेगळी मीटर चालू असतात : जागेचे भाडे टर्मिनल घेते, कंटेनर अडवल्याचे भाडे जहाज कंपनी. कंटेनरचे मोफत दिवस किती हे बुकिंगच्या वेळीच लेखी ठरवावे, कारण रिकामा कंटेनर कंपनीच्या यार्डात परत जाईपर्यंत ते मीटर थांबत नाही. शुल्क भरायला पैशांची सोय नाही म्हणून माल पडून राहिला आणि उतरल्यापासून ३० दिवसांत सोडवला नाही, तर कायद्याच्या कलम ४८ नुसार आयातदाराला नोटीस देऊन तो विकता येतो. पैशांची अडचण आधीच दिसत असेल तर माल बॉण्डेड गोदामात, म्हणजे शुल्क नंतर भरायच्या अटीवर, ठेवण्यासाठीची बिल ऑफ एंट्री भरावी.

मशीन कारखान्यात लागल्यावरही दोन कामे उरतात. आयजीएसटीची नोंद जीएसटीआर-२बी मध्ये आली का ते पाहावे. बिलात जीएसटी क्रमांक चुकला असेल तर ती येत नाही आणि कस्टम्सकडे दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. दुसरे म्हणजे पैसे ज्या बँकेतून पाठवले तिथे बिल ऑफ एंट्रीची जुळणी झाली का ते विचारावे. आगाऊ पैसे पाठवले असतील तर बँक त्यावर नजर ठेवून असते. मूळ कागद बिल दाखल केल्यापासून पाच वर्षे जपून ठेवावे लागतात.