जोडी शेअरांच्या स्प्रेडवरील झेड-स्कोअर अलर्ट

एकाच धंद्यातल्या किंवा एकाच मालकीच्या दोन शेअरांचे भाव बहुधा जोडीने हलतात. त्या दोन भावांमधल्या अंतराला स्प्रेड म्हणतात. आजचा स्प्रेड त्याच्या नेहमीच्या सरासरीपासून किती प्रमाण विचलने दूर आहे, हे सांगणारा आकडा म्हणजे झेड-स्कोअर. हा आकडा ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेला की सूचना देणारी व्यवस्था म्हणजे हा अलर्ट. स्प्रेड ताणला गेला तर महाग वाटणारा शेअर शॉर्ट करायचा, स्वस्त वाटणारा घ्यायचा आणि अंतर मिटले की दोन्ही सौदे बंद करायचे, या पेअर ट्रेडिंगच्या पद्धतीत तो वापरला जातो. ही पद्धत १९८० च्या दशकात मॉर्गन स्टॅन्लीमध्ये नावारूपाला आली.

समजा, अ या शेअरचा भाव ब च्या साधारण दुप्पट असतो. मग स्प्रेड म्हणजे अ चा भाव वजा ब च्या भावाची दुप्पट. ही ‘दुप्पट’ म्हणजे हेज गुणोत्तर. प्रत्यक्षात ते जुन्या भावांवर रिग्रेशन करून काढतात. गेल्या ६० दिवसांत या स्प्रेडची सरासरी ४० आणि प्रमाण विचलन १० आहे. आज अ ८६२ वर आणि ब ४०० वर बंद झाला, म्हणजे स्प्रेड ६२ आणि झेड-स्कोअर २.२. मर्यादा २ ठेवली असेल तर अलर्ट वाजतो.

```python
s = a - beta * b
m = s.rolling(60).mean().shift(1)
sd = s.rolling(60).std().shift(1)
z = (s - m) / sd
```

यातला `shift(1)` पुष्कळ जण विसरतात. तो नसेल तर आजचा भाव आजच्याच सरासरीत आणि विचलनात मिसळतो आणि ज्याला मोजायचे तोच मोजपट्टी ताणतो. २० दिवसांच्या खिडकीत आजचा दिवस धरला, तर भाव कितीही उसळला तरी झेड-स्कोअर ४.२५ च्या वर जाऊच शकत नाही.

खरी फसगत मात्र सरकत्या सरासरीत आहे. वरच्या उदाहरणात ६२ वर अ शॉर्ट केला आणि प्रत्येक अ मागे दोन ब घेतले असे धरू. पुढच्या दोन आठवड्यांत स्प्रेड ७५ वर गेला आणि तिथेच घुटमळत राहिला. ६० दिवसांनी खिडकीतले जुने ४० च्या आसपासचे आकडे गळून पडतात, सरासरी स्वतःच ७५ च्या जवळ येते आणि झेड-स्कोअर शून्यावर उतरतो. पडद्यावर ‘स्प्रेड सरासरीला परतला, सौदा बंद करा’ असा अलर्ट येतो. प्रत्यक्षात काहीच परतलेले नसते: सरासरी चालत स्प्रेडकडे आलेली असते आणि खात्यात प्रत्येक अ मागे १३ चा तोटा उभा असतो. म्हणून नुसत्या झेड-स्कोअरचा आलेख पाहून सौदा बंद करणे धोक्याचे. अलर्ट वाजला त्या क्षणीची सरासरी आणि विचलन, म्हणजे ४० आणि १०, गोठवून ठेवावे आणि त्या सौद्यापुरता झेड-स्कोअर त्यांवरच मोजावा. मग ७५ ला तो ३.५ दिसेल आणि बिघाड लपणार नाही.

गोठवलेल्या मोजणीला वेळेची मुदतही जोडतात. स्प्रेडचे सरासरीपासूनचे अंतर निम्मे व्हायला जितके दिवस लागतात ते त्याचे अर्धायुष्य. रोज सरासरीने ९३ टक्के अंतर शिल्लक राहत असेल, तर ते सुमारे साडेनऊ दिवसांचे येते. तीन अर्धायुष्यांत, म्हणजे बाजाराच्या सुमारे २९ दिवसांत, २२ चे अंतर तीनच्या आत यायला हवे. ते २० च्या आसपासच अडकून राहिले, तर जोडी तुटल्याची शंका घ्यावी.

मर्यादेच्या काठावर स्प्रेड खेळू लागला की तोच अलर्ट दिवसातून दहादा वाजतो. त्यावर सोपा उपाय असा की २ वर वाजलेला अलर्ट झेड-स्कोअर १.५ च्या खाली उतरल्याशिवाय पुन्हा सज्ज होऊ द्यायचा नाही. एका रात्रीत आकडा ८ किंवा १० झाला तर आधी बोनस, स्प्लिट वा लाभांश तपासावा. जुने भाव त्यानुसार समायोजित नसले तर असा खोटा अलर्ट हमखास येतो. दोघांपैकी एका शेअरमध्ये उलाढाल कमी असेल तर त्याचा शेवटचा भाव अर्ध्या तासापूर्वीचाही असू शकतो. तेव्हा दिसणारे अंतर बाजारात मिळतच नाही.

अंतर मिटायला कारण असले तरी ते कधी मिटेल हे झेड-स्कोअर सांगत नाही. रॉयल डच आणि शेल या दोन कंपन्यांमध्ये समूहाचा नफा १९०७ पासून ६०:४० असा वाटला जाई, त्यामुळे त्यांच्या शेअरांच्या मूल्याचे गुणोत्तर कराराने ठरलेले होते. तरीही बाजारभाव वर्षानुवर्षे त्यापासून ढळलेला राहिला. हे अंतर मिटेल अशा पैजेत लाँग-टर्म कॅपिटल मॅनेजमेंट हा फंडही होता. १९९८ मध्ये अंतर आणखी वाढले आणि इतर तोट्यांनी आधीच कोंडीत सापडलेल्या फंडाला सौदा धरून ठेवता आला नाही. दोन्ही कंपन्या एकत्र आल्या त्या २००५ मध्ये.