टक्का आणि टक्केबिंदू

टक्क्यांतच मोजल्या जाणाऱ्या एखाद्या राशीत, म्हणजे व्याजदरात, मतांच्या वाट्यात, बेरोजगारीच्या किंवा महागाईच्या दरात बदल झाला, की तो बदल दोन प्रकारे सांगता येतो. नव्या आकड्यातून जुना आकडा वजा केला की मिळतो तो फरक टक्केबिंदूंत (पर्सेंटेज पॉइंट) असतो. तो फरक जुन्या आकड्याच्या किती पट आहे हे शेकड्यात सांगितले की तो बदल टक्क्यांत झाला. व्याजदर 8 टक्क्यांवरून 9 टक्क्यांवर गेला, तर तो 1 टक्केबिंदूने वाढला आणि तोच 12.5 टक्क्यांनी वाढला. दोन्ही विधाने बरोबर आहेत. ‘व्याजदर 1 टक्क्याने वाढला’ हे मात्र काटेकोरपणे वाचले, तर नवा दर 8.08 टक्के होतो.

बोलण्यात आणि बातम्यांत टक्केबिंदूऐवजी सर्रास ‘टक्का’च म्हणतात. ‘दरात पाव टक्क्याची कपात’ हे शब्द कोणी चुकीचे वाचत नाही, कारण मध्यवर्ती बँका दर बहुधा पाव किंवा अर्ध्या टक्केबिंदूच्या पायऱ्यांनी हलवतात हे वाचकाला ठाऊक असते. अडचण येते ती आकडा मोठा असतो तेव्हा. ‘दर 20 टक्क्यांनी वाढवला’ एवढेच वाचून 10 चे 12 झाले की 30, हे कळायला मार्ग नसतो. 16 सप्टेंबर 1992 रोजी पौंडाची घसरण रोखण्यासाठी ब्रिटनने बँक ऑफ इंग्लंडचा दर 10 वरून 12 टक्क्यांवर नेला आणि त्याच दिवशी पुढे 15 टक्क्यांची घोषणा केली. संध्याकाळी पौंड, सदस्य चलनांचे परस्पर दर ठरावीक पट्ट्यात ठेवणाऱ्या युरोपीय विनिमय दर यंत्रणेतून बाहेर पडला आणि 15 टक्क्यांचा दर लागू झालाच नाही. पहिली वाढ 2 टक्केबिंदूंची, म्हणजे 20 टक्क्यांची होती. घोषित दर लागू झाला असता, तर एका दिवसातली वाढ 5 टक्केबिंदूंची, म्हणजे 50 टक्क्यांची झाली असती. त्या दिवसाबद्दल ‘20 टक्के वाढ’ असे कोणी लिहिले तर ते खोटे ठरणार नाही, पण दोन्ही दर सोबत दिल्याशिवाय त्याचा अर्थही लागणार नाही.

हा घोळ टाळण्यासाठी वित्तबाजारात बेसिस पॉइंट हे एकक वापरतात. एक बेसिस पॉइंट म्हणजे टक्केबिंदूचा शंभरावा भाग. 25 बेसिस पॉइंट म्हणजे पाव टक्केबिंदू. ‘50 बेसिस पॉइंटची वाढ’ याचा दुसरा कोणताही अर्थ निघत नाही, आणि ज्या व्यवहारांत शतांशाच्या फरकावर मोठ्या रकमा अवलंबून असतात तिथे हेच हवे असते.

कर्जाच्या हप्त्यांत या भेदाचे खरे स्वरूप दिसते. चलन कोणतेही धरा. 10,00,000 चे कर्ज 20 वर्षांत, म्हणजे 240 समान मासिक हप्त्यांत फेडायचे आहे. दर 8 टक्के असेल तर हप्ता सुमारे 8,364 येतो. दर 9 टक्के असेल तर 8,997. दर 12.5 टक्क्यांनी वाढला, पण हप्ता 7.6 टक्क्यांनीच वाढला. कारण हप्त्यात व्याजाबरोबर मुद्दलही असते आणि मुद्दल काही वाढलेले नाही. पहिल्या महिन्याचे व्याज तेवढे पाहिले तर ते 6,667 वरून 7,500 होते, म्हणजे बरोबर 12.5 टक्क्यांनी वाढते. वीस वर्षांत भरलेले एकूण व्याज 10.07 लाखांवरून 11.59 लाखांवर जाते, म्हणजे सुमारे 15 टक्क्यांनी वाढते. ही वाढ साडेबारापेक्षाही जास्त, कारण दर चढा असला की सुरुवातीच्या हप्त्यांतून मुद्दल सावकाश फिटते आणि शिल्लक कर्जावर व्याज अधिक काळ चढत राहते.

बदलत्या दराच्या कर्जात पुष्कळदा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली जाते. वरच्या कर्जात पहिल्या दिवसापासून दर 9 टक्के आहे आणि हप्ता मात्र 8,364 चाच ठेवला आहे असे मानले, तर ते फिटायला 240 ऐवजी जवळपास 304 महिने लागतात. मुदत पाच वर्षांहून अधिक लांबते, टक्क्यांत सुमारे 27. म्हणजे ‘एक टक्का वाढ’ या एका वाक्यामागे 1, 12.5, 7.6, 15 आणि 27 असे पाच आकडे उभे असतात. कर्जदाराने दर किती टक्केबिंदूंनी हलला हे आधी पाहावे आणि मग हप्ता किंवा मुदत नव्याने मांडून घ्यावी. दरातल्या टक्केवारी वाढीवरून हप्त्याचा अंदाज बांधू नये.

एकच टक्केबिंदू निरनिराळ्या पातळ्यांवर निरनिराळ्या वजनाचा असतो. 2 चे 3 झाले की व्याजाचा भार दीडपट होतो; 12 चे 13 झाले की तो जेमतेम 8 टक्क्यांनी वाढतो. म्हणून टक्केबिंदू नेहमीच प्रामाणिक आणि टक्केवारी नेहमीच फसवी, असे मानणे बरोबर नाही. व्याज भरणाऱ्याला भार किती पटींनी वाढला हे कळणे आवश्यकच आहे. पायाचा आकडा लपवून यांपैकी एकच बदल सांगणे, तेही ज्याला जो सोयीचा तो, हे मात्र दिशाभूल करणारे आहे.

मतांच्या वाट्यात आणखी एक गाठ असते, कारण तिथे पायाच दोनदा बदलतो. ब्रिटनच्या सार्वत्रिक निवडणुकीत मजूर पक्षाचा मतवाटा 2019 मध्ये 32.1 टक्के होता, 2024 मध्ये तो 33.7 टक्के झाला. वाढ 1.6 टक्केबिंदूंची, मूळ वाट्याच्या तुलनेत सुमारे 5 टक्क्यांची. आता पक्षाला प्रत्यक्ष पडलेली मते पाहावीत. ती सुमारे 1 कोटी 2 लाख 69 हजारांवरून 97 लाख 9 हजारांवर आली, म्हणजे साधारण साडेपाच टक्क्यांनी घटली. वाटा वाढला आणि मते कमी झाली, कारण एकूण मतदानच बरेच कमी झाले. जागा मात्र 202 वरून 411 झाल्या, दुपटीहून अधिक. ‘मजूर पक्षाला 5 टक्के अधिक पाठिंबा’ असे कोणी लिहिले, तर वाचक एक तर वाटा 37 वर गेला असे समजेल किंवा मते वाढली असे समजेल, आणि दोन्ही समज चुकीचे ठरतील.

त्याच निवडणुकीत हुजूर पक्षाचा वाटा 43.6 वरून 23.7 टक्क्यांवर उतरला. घट 19.9 टक्केबिंदूंची, म्हणजे मूळ वाट्याच्या 45.6 टक्के. ‘20 टक्के मते गमावली’ हे शब्द इथे फार सौम्य ठरतात, कारण त्यातून पाचपैकी एक मतदार गेला असा बोध होतो. प्रत्यक्षात वाट्याचा जवळजवळ निम्मा भाग गेला होता.

एका निवडणुकीतल्या सगळ्या पक्षांच्या मतवाट्यांची बेरीज 100 असते. म्हणून दोन निवडणुकांमधील टक्केबिंदूंतल्या बदलांची बेरीज शून्य यायलाच हवी. एकाने मिळवलेले बिंदू दुसऱ्यांनी गमावलेले असतात. एखाद्या तक्त्यात ती शून्याच्या आसपास येत नसेल, तर त्यात एखादा पक्ष राहिला आहे किंवा स्तंभात टक्के आणि टक्केबिंदू यांची सरमिसळ झाली आहे, हे लगेच ओळखता येते. टक्क्यांतल्या बदलांची अशी बेरीज करून काहीच हाती लागत नाही, कारण प्रत्येकाचा पाया वेगळा. ब्रिटनमध्ये रूढ असलेले ‘स्विंग’ हे मापही टक्केबिंदूंवरच उभे आहे. एका पक्षाची वाढ आणि दुसऱ्याची घट यांची सरासरी म्हणजे स्विंग. वरच्या उदाहरणात 1.6 आणि 19.9 यांची सरासरी, पावणेअकरा. ती बहुधा टक्क्याचे चिन्ह लावूनच छापली जाते, पण असतात ते टक्केबिंदू.

चढ आणि उतार यांची तुलना करतानाही हीच काळजी घ्यावी लागते. वाटा 20 वरून 30 टक्के झाला आणि पुढच्या वेळी पुन्हा 20 वर आला, तर बिंदूंत 10 वर आणि 10 खाली, हिशेब जुळतो. टक्क्यांत तोच प्रवास 50 टक्के वाढ आणि 33.3 टक्के घट असा दिसतो, आणि वाचणाऱ्याला वाटते की पक्षाकडे अजून काही शिल्लक आहे.

जनमत चाचण्यांतली त्रुटिमर्यादाही टक्केबिंदूंतच असते. सुमारे 1,000 जणांच्या यादृच्छिक नमुन्यात, वाटा निम्म्याच्या आसपास असताना, ही मर्यादा दोन्ही बाजूंना साधारण 3 असते. याचा अर्थ 50 टक्के हा आकडा 47 ते 53 च्या दरम्यान समजावा. ते 3 जर 50 चे 3 टक्के मानले, तर पट्टा 48.5 ते 51.5 असा निम्म्यावर येतो आणि चाचणी आहे त्यापेक्षा कितीतरी नेमकी भासते.

मजकुरातला आकडा संदिग्ध असेल आणि सुरुवातीचा वा शेवटचा दर दिलेला असेल, तर दोन्ही अर्थ लावून पाहावेत. ‘दर 20 टक्क्यांनी वाढून 6 टक्के झाला’ असे असेल, तर टक्क्यांच्या अर्थाने जुना दर 5 निघतो. टक्केबिंदूंच्या अर्थाने तो उणे 14 निघेल, म्हणून तो अर्थ बाद होतो. दोन्ही अर्थ शक्य कोटीतले वाटले आणि तिसरा आकडाच नसला, तर ते विधान हिशेबात घेऊ नये.

काही ठिकाणी टक्क्यांतला बदल मांडताच येत नाही. नव्या पक्षाला पहिल्याच निवडणुकीत 4 टक्के मते मिळाली, तर वाढ 4 टक्केबिंदूंची. शून्याच्या तुलनेत ती किती टक्के, हा प्रश्नच उरत नाही. ऋण व्याजदरांतही तेच घडते. जुलै 2022 मध्ये युरोपीय मध्यवर्ती बँकेने ठेवींवरचा दर उणे 0.50 वरून शून्यावर आणला. ही वाढ अर्ध्या टक्केबिंदूची होती. टक्केवारीचे सूत्र तिथे यांत्रिकपणे लावले, तर उत्तर ‘उणे 100 टक्के’ येते, आणि दर वाढलेला असताना आकडा घट दाखवतो.