दुधाचा पंधरवडी चुकारा (विदर्भ)

दूध उत्पादकाने संकलन केंद्रावर पंधरा दिवस घातलेल्या दुधाची किंमत काढून, त्यातून पशुखाद्याची उचल व इतर कपाती वळत्या करून उरलेली रक्कम त्याला देण्याची हिशेबपद्धती. विदर्भात कापूस आणि धानाप्रमाणे दुधाच्या रकमेलाही ‘चुकारा’ म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रात ‘दुधाचा पगार’ किंवा ‘बिल’ हे शब्द अधिक ऐकू येतात व तेथे दहा दिवसांचा दसवडाही रूढ आहे. पंधरवडा साधारणतः १ ते १५ आणि १६ ते महिनाअखेर असा धरतात. त्यामुळे दुसरे बिल महिन्यागणिक १३ ते १६ दिवसांचे होते.

ही पद्धती नेमकी केव्हा रुळली याविषयी एकमत नाही. पंधरवड्याची मुदत गवळ्यांच्या रतिबाच्या हिशेबातून आली असे एक मत आहे. तथापि रतीब मापावर चाले आणि बहुधा महिन्याने चुकता होई. फॅटवर ठरणारे बिल मात्र फॅट झटपट मोजण्याची सोय होण्यापूर्वी शक्य नव्हते, आणि ती सोय अमेरिकेतील बॅबकॉक व स्वित्झर्लंडमधील गर्बर यांच्या १८९० च्या सुमारास निघालेल्या चाचण्यांनी झाली. भारतात फॅटवर दर देण्याची रीत स्वातंत्र्याच्या आसपास उभ्या राहिलेल्या सहकारी दूधसंघांनी, विशेषतः १९४६ मध्ये स्थापन झालेल्या खेडा जिल्हा संघाने, रुजवली. विदर्भातील आजचे बिलही त्याच वळणाचे आहे, म्हणून त्याचा उगम सहकारी पद्धतीत शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. विदर्भात सहकारी जाळे पश्चिम महाराष्ट्राइतके दाट कधीच नव्हते. २०१६ पासून राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या सहभागाने विदर्भ-मराठवाड्यात दुग्धविकास प्रकल्प सुरू झाला. त्यात रक्कम थेट बँक खात्यात जमा होऊ लागली.

बिलाचा पाया म्हणजे प्रत्येक वेळच्या दुधाचे मोजमाप व फॅट, आणि जेथे दरपत्रक दोन्हींवर चालते तेथे एसएनएफ, म्हणजे फॅट वगळून उरणारे घनपदार्थ. फॅट पूर्वी गर्बरच्या नळीत काढत. १०.७५ मिलिलिटर दूध, १० मिलिलिटर गंधकाम्ल व १ मिलिलिटर अमिल अल्कोहोल यांचे मिश्रण यंत्रात फिरवून वर आलेल्या फॅटच्या थराचे वाचन घेत. आता बहुतेक केंद्रांवर विश्लेषक यंत्र काही सेकंदांत दोन्ही आकडे दाखवते. पण यंत्राचे आकडे गर्बर चाचणीशी अधूनमधून ताडून पाहावेच लागतात.

एसएनएफचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण लॅक्टोमीटर, म्हणजे दुधात तरंगून त्याची घनता दाखवणारी नळी, वापरणाऱ्या केंद्रावर तो मोजला जात नाही, सूत्राने काढला जातो. भारतीय मानकाचे सूत्र असे:

एसएनएफ = (लॅक्टोमीटर वाचन ÷ ४) + (०.२५ × फॅट) + ०.४४

रिचमंडच्या जुन्या सूत्रात शेवटची दोन पदे (०.२ × फॅट) आणि ०.१४ अशी आहेत. यांपैकी कोणते सूत्र बरोबर, असा वाद घालणे व्यर्थ आहे. मानकाचे सूत्र २७ अंश सेल्सिअसला बेतलेल्या लॅक्टोमीटरसाठी आहे, तर रिचमंडचे ६० अंश फॅरनहाइटला (सुमारे १५.५ अंश सेल्सिअस) बेतलेल्या लॅक्टोमीटरसाठी. जुन्या उपकरणात तेच दूध थोडे जास्त वाचन देते, म्हणून त्याचे स्थिरांक लहान. याखेरीज काही संघ मधले स्थिरांकही वापरतात. खरी चूक होते ती एका प्रकारचा लॅक्टोमीटर आणि दुसऱ्याचे सूत्र यांची जोडी जमवल्यावर. लॅक्टोमीटरवर कोणते तापमान छापले आहे, हे पाहिले की ती उघड होते.

उदाहरण म्हणून आर्वी तालुक्यातील दोन संकरित गाई असलेल्या उत्पादकाचा पंधरवडा घेऊ (दर नमुन्यादाखल आहेत). सकाळी रोज ६ लिटर, फॅट ३.६, वाचन २८.५. संध्याकाळी ४ लिटर, फॅट ४.०, वाचन २८. दोन धारांमधील अंतर दिवसा कमी असल्याने संध्याकाळचे फॅट सहसा वर असते. मानकाच्या सूत्राने सकाळचा एसएनएफ ८.४६५, म्हणजे ८.५, आणि संध्याकाळचा ८.४ येतो. दरपत्रकात ३.५ फॅट व ८.५ एसएनएफला ३४ रुपये, फॅटच्या प्रत्येक वाढीव पॉइंटला ३० पैसे जादा आणि एसएनएफच्या प्रत्येक कमी पॉइंटला ५० पैसे कपात आहे असे धरू. पॉइंट म्हणजे टक्क्याचा दहावा भाग. सकाळचा दर ३४.३० रुपये, ९० लिटरचे ३,०८७. संध्याकाळचा ३५ रुपये, ६० लिटरचे २,१००. एकूण ५,१८७ रुपये.

हेच वाचन रिचमंडच्या सूत्रात घातले तर एसएनएफ ८.० आणि ७.९ होतो. दोन्ही वेळी दर लिटरमागे अडीच रुपयांनी उतरतो आणि बिलातून ३७५ रुपये जातात. दूध तेच, गाई त्याच, लॅक्टोमीटरही तोच. सकाळचा ८.४६५ हा आकडा जवळच्या पॉइंटवर न नेता नुसता तोडून ८.४ धरला तरी ४५ रुपये कमी होतात. म्हणून पावतीवर फॅट व एसएनएफसोबत वाचनही छापलेले असणे उत्पादकाच्या हिताचे आहे. त्याखेरीज हिशेब घरी पडताळता येत नाही.

माप आणि दर यांचे एकक जुळते का, हेही पाहावे लागते. एक लिटर दूध सुमारे १.०३ किलो भरते. दर किलो फॅटवर असेल आणि लिटर तसेच किलो धरले, तर उत्पादकाचे शेकडा सुमारे तीन रुपये बुडतात.

दुसरी बाजू कपातीची. वरील गाईंना निर्वाहासाठी प्रत्येकी एक किलो व दुधाच्या प्रत्येक लिटरमागे ४०० ग्रॅम या ठोकताळ्याने रोज ६ किलो, म्हणजे पंधरवड्याला ९० किलो खुराक लागतो. केंद्राकडून पशुखाद्याची ५० किलोची दोन पोती १,४०० रुपये दराने उचलली तर २,८०० रुपये वळते होतात, म्हणजे बिलाच्या निम्म्याहून अधिक. मागील बाकीचा ३०० रुपयांचा हप्ता धरला, तर हाती २,०८७ रुपये येतात. कुटार, वैरण, औषध व मजुरी यातूनच भागवायची असते.

सरकी ढेप विदर्भात जिनिंग आणि तेलघाण्यांमुळे जवळच मिळते, पण तिचा भाव हंगामागणिक बदलतो. त्यामुळे उधारीचा दर उचलीच्या दिवशी लिहून घेतला आहे की कपातीच्या दिवशी लावला, यावर बरेच अवलंबून असते. रोखीच्या भावापेक्षा उधारीचा भाव पोत्यामागे ७० रुपये जास्त असेल, तर पंधरा दिवसांच्या उधारीवर तो ५ टक्के होतो. बिलात व्याज असे कुठेच दिसत नाही, म्हणून हा फरक सहज लक्षात येत नाही.

गाय आटत आली की दूध आधी घटते आणि उचल मागे राहते. बिल कपातीपेक्षा कमी भरले तर बाकी पुढच्या पंधरवड्यात ओढली जाते, आणि भाकड काळात ती साचते. सहकारी संस्थेत ही बाकी सभासदाच्या खात्यावर राहते. खासगी संकलकाकडे मात्र ती फिटेपर्यंत दूध त्याच्याच केंद्रावर घालण्याचा तोंडी करार बनते, आणि शेजारच्या केंद्राचा दर दोन रुपयांनी जास्त असला तरी उत्पादकाला तिकडे जाता येत नाही.