परदेशी अनुदानाचा करार: सही करण्याआधी कसा वाचाल?

एफसीआरए नोंदणी असलेल्या छोट्या संस्थांसाठी माहितीपत्रक

अनुदानाचा करार हाती आला की बहुतेक संस्था रक्कम आणि हप्त्यांच्या तारखा पाहतात. आमची विनंती आहे की आधी तीन कलमं शोधा: कोणता खर्च ग्राह्य धरला जाईल, अहवाल कधी आणि कसा द्यायचा, आणि पैसे परत कधी मागितले जातील. करारात ती दूरदूरच्या पानांवर असतात, पण वाचायची एकत्रच, कारण पहिल्या कलमातली चूक दुसऱ्यात उघड होते आणि तिसऱ्यात तिची किंमत मोजावी लागते.

हिशेबासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. अनुदान ४०,००० युरो, दर ९० रुपये, म्हणजे ३६ लाख रुपये. प्रकल्पाचा काळ १ एप्रिल ते ३१ मार्च. बजेटमध्ये पगारासाठी १८ लाख आणि प्रशिक्षणासाठी ९ लाख. करारात एक ओळ आहे: लेखी पूर्वपरवानगी नसेल तर कोणत्याही बजेट हेडवर मंजूर रकमेपेक्षा १० टक्क्यांहून जास्त खर्च करता येणार नाही.

वर्षभर काम चांगलं झालं. गावांनी जास्त शिबिरं मागितली, म्हणून पगारात वाचलेले पैसे तिकडे वळवले आणि प्रशिक्षणावर ११,२०,००० रुपये खर्च झाले. मर्यादा मात्र ९,९०,००० ची होती, त्यामुळे वरचे १,३०,००० अग्राह्य. समन्वयकाचा पगार महिना २५,०००, तो या प्रकल्पासोबत दुसरंही काम पाहतो, आणि तीन महिन्यांच्या टाइमशीट नाहीत. ते ७५,००० गेले. लॅपटॉपचं ६०,००० चं बिल २८ मार्चचं, प्रकल्प सुरू होण्याच्या चार दिवस आधीचं. तेही गेलं. एकूण २,६५,००० रुपये. एक रुपयाचाही गैरव्यवहार झालेला नाही, प्रत्येक व्हाउचर खरं आहे, तरीही ही रक्कम परत करावी लागते.

शिल्लक निधी परत करणं त्या मानाने सोपं, कारण तो खात्यात पडून असतो. अग्राह्य ठरलेला पैसा मात्र खर्च होऊन गेलेला असतो. वसुली युरोमध्ये, हप्ता मिळाला त्या दिवशीच्या दराने ठरणार असेल तर २,६५,००० म्हणजे सुमारे २,९४४ युरो. परतफेडीच्या दिवशी दर ९५ असेल तर त्यालाच सुमारे २,७९,७०० रुपये लागतात. म्हणून विनिमय दराची जोखीम कोणाची, हे करारात नीट वाचा. लिहिलेलं नसेल तर लिहून घ्या. परतफेडीसाठी दुसऱ्या देणगीदाराच्या निधीला हात लावू नका, कारण तो त्याच्याच उद्दिष्टासाठी आलेला असतो. पैसे देशाबाहेर पाठवण्याआधी बँकेशी आणि आमच्याशी बोला. शेवटचा हप्ता राहिला असेल तर त्यातून वळती करून घ्या, असं फंडरला सुचवता येतं. आम्ही शक्यतो हाच मार्ग सुचवतो.

करार परवानगी देतो, कायदा देत नाही

परदेशी नमुना करारात बऱ्याचदा लिहिलेलं असतं की भागीदार संस्थेला निधीचा काही भाग देता येईल. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर भारतात परदेशी निधी दुसऱ्या कोणत्याही संस्थेला वर्ग करता येत नाही, तिची एफसीआरए नोंदणी असली तरी. फंडर ग्राह्य धरेल तो खर्च इथे कायदाभंग ठरेल, म्हणून ते कलम सहीआधीच काढून घ्या. त्याच दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली. फंडरच्या भाषेतला ओव्हरहेड आणि आपल्या नियमातला प्रशासकीय खर्च एकच नव्हेत. एखादा पगार तिकडे प्रकल्पखर्चात धरलेला असतो आणि इकडे प्रशासकीय ठरू शकतो.

अहवाल

फंडरचं वर्ष अनेकदा जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च. एफसी-४ विवरणपत्र आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत, भरायचं असतं. फंडरचा अहवाल बहुधा त्याच्या कितीतरी आधी लागतो. दोन वेगळे हिशेब लिहू नका. एकाच लेजरमध्ये प्रत्येक नोंदीला प्रकल्पाचा आणि बजेट ओळीचा कोड द्या, म्हणजे दोन्ही अहवाल त्यातूनच निघतील आणि आकडे जुळतील.

आणखी एक शब्द तपासा: खर्च त्या काळात ‘झालेला’ हवा की ‘दिलेला’? ऑडिटचं काम प्रकल्प संपल्यावर होतं, फी त्याहून नंतर दिली जाते. करारात ‘दिलेला’ असेल तर फंडरनेच मागितलेल्या ऑडिटची फी अग्राह्य ठरू शकते. तिच्यासाठी अपवाद लिहून मागा. सहीआधी मागितला तर फंडर तो सहसा देतात.

आमच्याकडे येताना कराराचा मसुदा, मंजूर बजेट आणि त्यातली सगळी परिशिष्टं आणा. १० टक्क्यांसारख्या ओळी बहुतेकदा परिशिष्टातच असतात.