वापरकर्ते वाढतायत, ते बेरजेने की गुणाकाराने?

समजा, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधली जागा राखून ठेवण्यासाठी एक अ‍ॅप आहे. पहिल्या सहा महिन्यांत त्याचे वापरकर्ते झाले ४००, ५२०, ६९०, ८८०, ११५० आणि १५००. बाराव्या महिन्यात किती होतील?

आधी दरमहा किती भर पडली ते पाहा: १२०, १७०, १९०, २७०, ३५०. भर वाढतच चालली आहे. आता प्रत्येक आकड्याला मागच्या महिन्याच्या आकड्याने भागा: १.३०, १.३३, १.२८, १.३१, १.३०. हा भागाकार जवळजवळ स्थिर आहे, म्हणजे वाढ गुणाकाराची आहे. भर स्थिर असती तर सरळ रेषा पुरली असती.

एक्सेलमध्ये A2 ते A13 मध्ये १ ते १२ हे महिने आणि B2 ते B7 मध्ये वापरकर्ते लिहा. मग C2 आणि D2 मध्ये ही सूत्रं टाकून तेराव्या ओळीपर्यंत खाली ओढा:

```
=TREND($B$2:$B$7,$A$2:$A$7,A2)
=GROWTH($B$2:$B$7,$A$2:$A$7,A2)
```

डॉलरची चिन्हं विसरलात, तर ओढताना मूळ आकड्यांची चौकटही खाली सरकते आणि अंदाज बिघडतो.

बाराव्या महिन्यासाठी TREND देतं सुमारे २,६९८ आणि GROWTH ७,३०३. फरक जवळजवळ पावणेतीनपट! कोणाचं ऐकायचं, ते पहिल्या सहा ओळींत कळतं. खऱ्या आकड्यातून TREND च्या सरळ रेषेचा आकडा वजा केला की पहिल्या महिन्यात ८५ उरतात, मधले चारही महिने उणे येतात आणि सहाव्यात पुन्हा १०२ उरतात. दोन्ही टोकं वर आणि मध्य खाली, म्हणजे वाकलेल्या आकड्यांवर ताठ पट्टी ठेवली आहे. GROWTH मात्र सगळीकडे अकराच्या आत चुकतं.

GROWTH आतून करतं काय? आकड्यांचे लॉगॅरिदम घेऊन त्यांतून सरळ रेषा काढतं आणि उत्तर पुन्हा उलटवतं. म्हणूनच एखाद्या महिन्यात शून्य वापरकर्ते असतील तर `#NUM!` येतं, कारण शून्याला लॉगॅरिदम नसतो. अशा वेळी शून्याच्या जागी १ लिहून वेळ मारून नेऊ नका. तो १ लॉगच्या मापात फार खाली जातो आणि सगळा वक्र ओढून नेतो. सुरुवातीचे रिकामे महिने सरळ वगळा.

मासिक गुणक हवा असेल तर:

```
=INDEX(LOGEST(B2:B7,A2:A7),1)
```

उत्तर १.३०२, म्हणजे महिन्याला ३० टक्के. याच वेगाने चोविसाव्या महिन्यात १.७३ लाख वापरकर्ते व्हायला हवेत, पण पेठेतल्या अभ्यासिकांत खुर्च्या तेवढ्या नाहीत. GROWTH ला ही कमाल मर्यादा माहीतच नसते. सातव्या महिन्यात १९५३ ऐवजी १८०० आणि आठव्यात २५४२ ऐवजी २१०० आले, तर गुणक १.२० आणि १.१७ वर उतरला आणि भर दोन्ही वेळा ३०० झाली. तिथून पुढे जुन्या वक्रावर विसंबून सर्व्हरचा खर्च ठरवू नये.