वस्तूचे जीवनचक्र

बाजारात आलेल्या वस्तूची विक्री काळानुसार कशी बदलते आणि त्याबरोबर किंमत, वितरण, जाहिरात व वस्तूचे स्वरूप यांविषयीचे विक्रेत्याचे धोरण कसे बदलावे लागते, हे सांगणारी विपणनशास्त्रातील संकल्पना. विक्री व काळ यांचा आलेख तिरप्या इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा वर चढून सपाट होतो व पुढे उतरतो, असे गृहीत धरून त्याचे प्रवेश, वृद्धी, परिपक्वता आणि घट असे चार भाग पाडतात. काही मराठी क्रमिक पुस्तके परिपक्वतेनंतर संपृक्तता, म्हणजे बाजारात नवे ग्राहक जवळजवळ उरलेले नसणे, ही पाचवी अवस्था मानतात. व्यवहारात परिपक्वतेपासून ती वेगळी काढणे अवघड असते. या नोंदीत ही संकल्पना भारतातील गिअरच्या स्कूटरच्या, मुख्यतः बजाज चेतकच्या, उदाहरणाने मांडली आहे.

संकल्पनेचा उगम नेमका कुठे धरायचा याबद्दल एकमत नाही. जाहिरातशास्त्राचे काही अभ्यासक तो ओटो क्लेप्नर यांच्या दोन महायुद्धांदरम्यानच्या लेखनापर्यंत मागे नेतात. वस्तूची जाहिरात आधी ‘अशी वस्तू आहे’ हे सांगते, मग ‘आमचीच का घ्यावी’ हे सांगते आणि शेवटी केवळ नाव आठवणीत ठेवते, अशा तीन पायऱ्या त्यांनी मांडल्या. पण त्या जाहिरातीच्या पायऱ्या आहेत, विक्रीच्या नव्हेत, म्हणून त्यांना पूर्वरूप म्हणणे अधिक सुरक्षित. अर्थतज्ज्ञ जोएल डीन यांनी १९५० मध्ये नव्या वस्तूंच्या किंमतीवर लिहिलेल्या लेखात आजच्या अर्थाच्या बरेच जवळचे विवेचन आढळते. नव्या वस्तूचे वेगळेपण नाशवंत असते, स्पर्धक आले की ते झिजत जाते, म्हणून आरंभीच चढी किंमत ठेवून मलई काढायची की कमी किंमतीने बाजारात खोल शिरायचे हे ठरवावे लागते, असे त्यांचे म्हणणे. विपणनाचे अभ्यासक थिओडोर लेविट यांच्या १९६५ च्या लेखाने संकल्पना व्यवस्थापकांपर्यंत पोचवली, त्यामुळे अनेक पुस्तके तिचे श्रेय त्यांनाच देतात. रेमंड व्हर्नन यांनी पुढच्याच वर्षी मांडलेले आंतरराष्ट्रीय व्यापाराचे जीवनचक्र नावाने सारखे असले तरी उत्पादन एका देशातून दुसऱ्या देशात कसे सरकते याविषयीचे आहे. ते येथे अभिप्रेत नाही.

डीन आणि लेविट यांच्यातील फरक श्रेयापुरता नाही. डीन यांच्या मते आलेख वळतो तो स्पर्धेमुळे. लेविट यांचा भर वस्तूचे आयुष्य आधीच आखून वाढवता येते यावर होता. नायलॉनचा वापर लष्करी कामातून मोज्यांकडे, टायरकडे व इतर उपयोगांकडे कसा वळवला गेला, हे त्यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. भारतीय स्कूटरला डीन यांची दृष्टी अधिक लागू पडते, कारण तिच्या आलेखाचा आकार बराच काळ स्पर्धेच्या अभावाने ठरला.

स्कूटरचा भारतातील प्रवेश आयातीने झाला. बजाज समूहाच्या बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशनने १९४८ पासून इटलीच्या पियाज्जो कंपनीच्या व्हेस्पा स्कूटर आणून विकल्या. मुंबईची ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी लॅम्ब्रेटा घेऊन बाजारात होती. दुचाकी व तीनचाकी बनवण्याचा सरकारी परवाना बजाजला १९५९ मध्ये मिळाला. पियाज्जोच्या सहकार्याने स्कूटर बनवण्याचा करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन चेतक आली. म्हणजे चेतक ही नवी नाममुद्रा किंवा ब्रँड असली, तरी स्कूटर हा वस्तुप्रकार ग्राहकाच्या ओळखीचा होता. प्रवेशाच्या अवस्थेत कंपनीला सर्वांत खर्चिक पडते ते ‘ही वस्तू कशासाठी’ हे लोकांना समजावणे. चेतकला तो खर्च जवळजवळ पडलाच नाही.

त्यानंतरची वृद्धीची अवस्था पाठ्यपुस्तकाप्रमाणे झाली नाही. सामान्यतः या टप्प्यात स्पर्धक येतात, किंमत उतरते, विक्रेत्यांचे जाळे विस्तारते आणि जाहिरात वस्तूकडून नाममुद्रेकडे वळते. परवाना पद्धतीत उत्पादनक्षमता सरकारच्या परवानगीने ठरत होती आणि वितरणावरही नियंत्रण होते. मागणी पुढे धावत राहिली व नोंदणीनंतर स्कूटर हाती येण्यास अनेक वर्षे, काहींच्या बाबतीत दहा वर्षांपर्यंतचा काळ, लागे. वापरलेली चेतक नव्या गाडीच्या नियंत्रित किंमतीपेक्षा महाग विकली जाई. अशा बाजारात विक्रीचा आलेख मागणी दाखवत नाही, फक्त कारखान्यातून किती गाड्या बाहेर पडल्या ते दाखवतो. म्हणून या काळातील विक्रीचे आकडे घेऊन ‘वृद्धीचा दर मंद होता’ असे लिहिणे चुकीचे ठरते, जरी तसे लिहिलेले वाचायला मिळते.

अवस्था ओळखण्यासाठी येथे दोन पर्यायी खुणा उपयोगी पडतात: प्रतीक्षेचा काळ आणि जुन्या गाडीवरचा ‘प्रीमियम’. प्रीमियम टिकून आहे तोवर वितरणाचे धोरण म्हणजे विक्री नव्हे, वाटप. तो नाहीसा झाला की ग्राहकाला निवड करता येऊ लागली असे समजावे. या काळात बजाजने खर्च केला तो मुख्यतः क्षमतेवर. १९७५ मध्ये राज्य सरकारच्या पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळाबरोबर महाराष्ट्र स्कूटर्स ही संयुक्त कंपनी निघाली आणि तिच्या साताऱ्याच्या कारखान्यातून प्रिया ही स्कूटर बाहेर पडू लागली. १९८५ मध्ये औरंगाबादजवळ वाळूजचा कारखाना सुरू झाला. किंमत आणि जाहिरात हाताशी नसताना उत्पादकाकडे क्षमता हे एकच हत्यार उरते.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यास परवाने सैल झाले आणि खरे स्पर्धक आले. १९८४ च्या सुमारास कायनेटिक होंडाने गिअर नसलेली, बटणावर सुरू होणारी स्कूटर आणली. कानपूरच्या एलएमएलने पियाज्जोशी हातमिळवणी करून व्हेस्पा पुन्हा बाजारात उतरवली. १९८५ मध्ये आलेली हीरो होंडाची चार-स्ट्रोक सीडी १०० मोटरसायकल कमी पेट्रोलात चाले. तेव्हा मात्र तिला स्कूटरची प्रतिस्पर्धी फारसे कोणी मानत नव्हते. ‘हमारा बजाज’ ही दूरदर्शनवरील प्रसिद्ध जाहिरात १९८९ ची. ती इंजिनाविषयी किंवा किंमतीविषयी काहीच सांगत नाही. स्कूटर कुटुंबाची, मध्यमवर्गाची आणि देशाची आहे, एवढेच सांगते. ही जाहिरात परिपक्वतेच्या अवस्थेतील नमुनेदार म्हणता येईल. वस्तू सर्वांना माहीत असते, खरेदीदारांत जुनी गाडी बदलणारे पुष्कळ असतात आणि काम उरते ते ग्राहक टिकवण्याचे. गल्लोगल्ली मिळणारे सुटे भाग, कोणालाही दुरुस्त करता येणारे इंजिन आणि पुनर्विक्रीची बरी किंमत हे त्या काळातील चेतकचे खरे बळ होते. तिरपी करून किक मारावी लागते ही तिची खोड मालकांनी गंमत म्हणून स्वीकारली होती, बटणाची स्कूटर शेजारी उभी राहीपर्यंत.

परिपक्वता संपत आल्याची खूण एकूण विक्रीत उशिरा दिसते, कारण लोकसंख्या व उत्पन्न वाढत असल्याने आकडा चढतच राहतो. त्याआधी दुचाकींच्या एकूण विक्रीतील वाटा घसरतो, विक्रेत्यांकडे साठा पडून राहू लागतो आणि सवलती द्याव्या लागतात. भारतात नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मोटरसायकलींनी स्कूटरला मागे टाकले. कारणांमध्ये इंधनाचा खर्च, खराब रस्त्यांवर मोठ्या चाकांची सोय आणि तरुण खरेदीदारांची आवड ही बहुतेक विश्लेषणांत येतात. याखेरीज २००० पासून कडक झालेल्या प्रदूषणमानकांमुळे चेतकचे जास्त धूर सोडणारे दोन-स्ट्रोक इंजिन चालू ठेवणे महाग झाले. हे तांत्रिक कारण विपणनाच्या पुस्तकांत बहुधा एका ओळीत उरकले जाते. बजाजने १९९८ मध्ये लीजेंड ही चार-स्ट्रोक स्कूटर आणली, पुढे चेतकलाही चार-स्ट्रोक इंजिन दिले, आणि दरम्यान भांडवल व अभियंते मोटरसायकलीकडे वळवले. २००१ मध्ये पल्सर आली. चेतकचे उत्पादन २००५ च्या अखेरीस किंवा २००६ मध्ये थांबले, नोंदी थोड्या वेगळ्या आहेत. स्कूटर-व्यवसायातून पूर्णपणे बाहेर पडण्याचा निर्णय कंपनीने २००९ मध्ये जाहीर केला.

घटीच्या अवस्थेत उत्पादकापुढे साधारणतः तीन वाटा असतात: खर्च कापून मिळेल तेवढे उत्पन्न काढणे, छोट्या निष्ठावंत गटासाठी वस्तू चालू ठेवणे किंवा ती मागे घेणे. मागे घेतल्यावरही सुट्या भागांचा पुरवठा वर्षानुवर्षे करावा लागतो.

चेतकच्या उदाहरणातून निघणारा वादाचा मुद्दा असा, की घटले नेमके काय? जीवनचक्र तीन पातळ्यांवर मोजता येते: वस्तुप्रकार म्हणजे स्कूटर, वस्तुरूप म्हणजे गिअरची दोन-स्ट्रोक स्कूटर आणि नाममुद्रा म्हणजे चेतक. घट दुसऱ्या पातळीवर झाली होती. पहिल्या पातळीवर होंडाने शतकाच्या आरंभी आणलेल्या गिअरविरहित ॲक्टिव्हाने तीच मागणी पुन्हा वर नेली, आणि स्त्रिया व वयस्क चालक हे नवे ग्राहक जोडले. धल्ला आणि युस्पे या दोन जाहिरात-व्यावसायिकांनी १९७६ मध्ये या संकल्पनेवर घेतलेला आक्षेप येथे आठवतो. विक्री मंदावली की व्यवस्थापक ती घट मानून जाहिरात व सुधारणा कापतात आणि मग घट खरोखरच होते, असे त्यांचे म्हणणे होते. बजाजच्या बाबतीत हे पूर्णपणे लागू करणे अन्यायाचे होईल, कारण मोटरसायकलीतील गुंतवणूक फळाला आली. पण वस्तुरूपाची घट वस्तुप्रकाराची समजली गेली, या टीकेत तथ्य दिसते.

अवस्थांचे भाकीत करण्याचे प्रयत्नही झाले आहेत. विपणनाचे अभ्यासक फ्रँक बास यांनी १९६९ मध्ये अकरा टिकाऊ वस्तूंवर तपासलेले गणिती प्रतिमान स्वतः पुढाकार घेणारे व इतरांचे पाहून घेणारे असे खरेदीदारांचे दोन गट धरते. ते फक्त पहिल्या खरेदीचा हिशेब करते, बदली खरेदीचा नाही. पुरवठ्यावर मर्यादा असलेल्या बाजाराला ते तसेच्या तसे लावता येत नाही.

चेतक हे नाव ऑक्टोबर २०१९ मध्ये विजेवर चालणाऱ्या स्कूटरसाठी पुन्हा घेण्यात आले. जानेवारी २०२० मध्ये विक्री सुरू झाली ती पुणे आणि बेंगळुरू या दोनच शहरांत, १ लाख व १ लाख १५ हजार रुपये अशा आरंभीच्या किंमतींत आणि ऑनलाइन नोंदणीने. निवडक वितरण, चढी किंमत आणि मर्यादित पुरवठा ही प्रवेशाच्या अवस्थेची मांडणी यात स्पष्ट दिसते. नाव जुने, पण बॅटरीची चार्जिंग, तिचे आयुष्य व अंतराची मर्यादा ग्राहकाला नव्याने समजावण्याचा खर्च कंपनीला या वेळी करावा लागला. २०२४ मध्ये ९६ हजारांच्या आतील प्रकार आणून कंपनी डीन यांच्या दुसऱ्या पर्यायाकडे, म्हणजे कमी किंमतीने खोल शिरण्याकडे, सरकलेली दिसते. नव्या चेतकला जुन्या नाममुद्रेचे पुनरुज्जीवन मानायचे की नव्या वस्तुरूपाचा स्वतंत्र आलेख, यावर अभ्यासकांची मते वेगवेगळी होऊ शकतात. किंमत व वितरणाचे निर्णय पाहता दुसरा अर्थ अधिक जुळतो.