आठवण कोणाला जाते आणि पुस्तक कोणाकडे असतं?
(वाचनालयाच्या सभासदांसाठी माहितीपत्रक)

पुस्तक, दिवाळी अंक किंवा रुग्णसाहित्य घरी नेलं, की परतीच्या तारखेच्या दोन दिवस आधी आम्ही व्हॉट्सअॅपवर आठवण करून देतो. तरीही पुस्तकं अडकतात, आणि दर वेळी कोणी विसरलेलं असतं असं नाही. मेसेज जातो तो ज्यांच्या नावावर सभासदत्व आहे त्यांच्या मोबाइलवर. पुस्तक मात्र घरातल्या दुसऱ्याच कोणाच्या हातात असतं. वडील मेसेज वाचून "बघतो" म्हणतात, कपाटात शोधतात, आणि पुस्तक मुलीबरोबर केव्हाच हॉस्टेलवर गेलेलं असतं.

म्हणून आता काउंटरवर आम्ही एक प्रश्न जास्तीचा विचारतो: "वाचणार कोण?" ते नाव यादीत लिहून घेतो. त्यांचा नंबर दिलात तर आठवण दोघांनाही जाते.

जुन्या सभासदांना आमचा लाकडी ट्रे आठवत असेल. पुस्तकाचं कार्ड सभासदाच्या छोट्या पाकिटात सरकवून परतीच्या तारखेमागे लावायचं, ही ब्राउन पद्धत. आज कोणाची तारीख आहे, हे ट्रे उघडताच दिसायचं. पण "अमुक कादंबरी कोणाकडे आहे हो?" असं कोणी विचारलं, की अख्खा ट्रे चाळावा लागे. आताच्या यादीत दोन्ही सापडतं. एका घराची नोंद नमुना म्हणून देतो. सगळं 1 नोव्हेंबरला, शनिवारी नेलेलं आहे.

सभासद क्र. 214
कादंबरी, दाखल क्र. 4471 : आजी : 16 नोव्हेंबर
प्रवासवर्णन, दाखल क्र. 6120 : मुलगी, हॉस्टेलवर : 16 नोव्हेंबर
दिवाळी अंक, क्र. 38 : वडील : 8 नोव्हेंबर
वॉकर, क्र. 5 : आजोबा : 2 डिसेंबर

पुस्तकाची मुदत 15 दिवस, अंकाची 7 आणि वॉकरची 30. वॉकरची तारीख खरं तर 1 डिसेंबर येते, पण तो सोमवार, म्हणजे आपल्या सुट्टीचा दिवस. म्हणून ती एक दिवस पुढे गेली.

या घरात पहिला मेसेज 6 तारखेला वडिलांना गेला, फक्त अंकासाठी. 14 तारखेला पुस्तकांचा मेसेज वडिलांना आणि मुलीला गेला. मुलगी महिनाअखेरीशिवाय घरी येणार नव्हती. तिने त्याच मेसेजला "6120 मुदतवाढ" असं उत्तर दिलं. त्या पुस्तकासाठी कोणी नंबर लावलेला नव्हता, त्यामुळे आणखी 15 दिवस मिळाले आणि तेही 2 डिसेंबरवर गेलं. कोणी नंबर लावलेला असता तर मुदतवाढ मिळाली नसती आणि 16 तारखेनंतर रोज एक रुपया दंड लागला असता.

दिवाळी अंकाला मुदतवाढ नाहीच. प्रत एक आणि रांग लांब. एकाने चार दिवस लावले की मागचे सगळे चार दिवस मागे सरकतात. अंक आधी वाचून संपवा, कादंबरी थांबेल.

आता मेसेज न पोहोचण्याबद्दल. आम्ही आठवणी ब्रॉडकास्टने पाठवतो, आणि तुमच्या मोबाइलमध्ये वाचनालयाचा नंबर सेव्ह नसेल तर तो मेसेज तुमच्यापर्यंत येतच नाही. ओळखायचं कसं? पुस्तक नेल्याच्या संध्याकाळी "नोंद झाली" असा मेसेज त्याच मार्गाने जातो. तो आला नाही तर आठवणही येणार नाही, असं समजा आणि आमचा नंबर सेव्ह करा. हॉस्टेलवरच्या मंडळींनाही करायला सांगा.

रात्री बाहेरच्या पेटीत टाकलेलं पुस्तक दुसऱ्या दिवशी सकाळी जमा होतं, त्यामुळे मध्येच एखादी आठवण येऊ शकते. जमा करताना तारीख आदल्या दिवसाचीच धरतो, दंडाची काळजी नको. मात्र दुपारपर्यंत "जमा झालं" असा मेसेज आला नाही तर फोन करा. दुसऱ्याच वाचनालयाचं पुस्तक आमच्या पेटीत पडल्याचं तेव्हा कळतं. आतल्या पानावरचा शिक्का एकदा बघून टाकलंत तर हा घोळ होणार नाही.

वॉकर, व्हीलचेअर यांना दंड नाही, कारण पेशंट कधी बरा होईल हे तारखेवर ठरत नाही. महिन्याचं भाडं चालू राहतं, इतकंच. आमची आठवण वेगळ्याच कारणासाठी असते: आजोबा हिंडू-फिरू लागतात, वॉकर माळ्यावर जातो आणि भाडं मात्र चढत राहतं. परत आणताना वॉकरच्या चारही पायांचे रबर आहेत ना, ते पाहा. एक जरी निघालेला असेल तरी वॉकर फरशीवर घसरतो, आणि तसा तो आम्ही पुढच्या पेशंटला देत नाही. व्हीलचेअरची दोन्ही पायदानंही बरोबर आणा. ती काढून ठेवलेली असतात आणि बहुधा पलंगाखाली सापडतात.

तुमच्याकडे काय-काय आहे हे कधीही विचारा, सभासद क्रमांक सांगितला की यादी पाठवतो. दुसऱ्याकडचं पुस्तक हवं असेल तर ते कधी परत येईल तेवढं सांगू. कोणाकडे आहे ते सांगणार नाही.